बडोद्यातल्या मराठी-गुजराती लग्नात मामांनी चार मिनिटं काय बोलावं

बडोद्यात मराठी मुलगी गुजराती घरात गेली किंवा गुजराती मुलगी मराठी घरात आली, ही आता बातमी राहिलेली नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी मुलांची शाळा, ट्यूशन आणि गरबा हे सगळं गुजराती मुलांबरोबरच होतं, मग लग्नंही होतात. या लग्नांत हल्ली एक नवीन प्रथा रुजू लागली आहे. विधी संपत आले की घरातलं कुणीतरी उभं राहून, दोघांनी आत्ताच एकमेकांना दिलेल्या वचनाबद्दल थोडं बोलतं. बहुतेक वेळा हे काम मुलीच्या मामाकडे येतं आणि ते योग्यच आहे. मराठी लग्नात मुलीला बोहल्यावर मामा आणतो आणि गुजराती मांडवातही तिला मामाच घेऊन येतात. हा माणूस कोण, हे दोन्हीकडच्या पाहुण्यांना सांगावं लागत नाही.

अशी भाषणं लिहून देण्याचं किंवा तपासून देण्याचं काम माझ्याकडे अधूनमधून येतं. इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. मुलगी दांडिया बाजारातल्या मराठी घरातली. वडील नोकरदार, घरात रविवारी मटण-मासे. मुलगा कारेलीबागेतल्या वैष्णव घरातला, तिथे कांदा-लसूणही चालत नाही, आणि आजोबांचं मंगळ बाजारात कापडाचं दुकान. बोलणार मुलीचे मामा. त्यांना व्यासपीठाची सवय नाही, गुजराती मात्र अस्खलित.

आधी वेळ पक्की करा

लिहायला बसण्याआधी गुरुजींना फोन करा. मुलाकडून गोरमहाराज येणार असतील तर त्यांनाही. दोन्हीकडच्या पद्धती एकत्र करायच्या ठरल्या की कोणते विधी खरोखर होणार, कोणते नुसते उरकले जाणार आणि कोणते गळणार, हे त्यांनाच ठाऊक असतं. तुम्ही भाषणात कानपिळीचा उल्लेख कराल आणि वेळेअभावी कानपिळी झालेलीच नसेल, मग नवरीचा भाऊ तुमच्याकडे बघत बसेल.

मंगलाष्टकांच्या आधी बोलू नका. मुहूर्ताची घाई असते, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखत असतात आणि हातात अक्षता घेतलेला माणूस दुसरं काही ऐकत नाही. मंगलाष्टकांनंतर लगेच बोललात तर आणखी वाईट, कारण अक्षता पडल्या की अर्धा हॉल जेवणाकडे वळतो. गुजराती पाहुणे तर विधी चालू असतानाच जेवून घेतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. संध्याकाळच्या रिसेप्शनला डीजे असतो, फोटोसाठी रांग असते. तिथे वचनाबद्दल बोलणं म्हणजे बाजारात गुपित सांगणं.

सप्तपदी संपल्या संपल्याची वेळ चांगली. तेव्हा मांडवाभोवती फक्त जवळची माणसं उरलेली असतात, दोन्ही घरची मिळून चाळीस-पन्नास, आणि तुम्हाला बोलायचं असतं ते त्यांच्याशीच. शिवाय तुमच्या विषयाचा कळसही तोच. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 7 असं सांगतं की विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल टाकलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे शास्त्राच्या आणि कायद्याच्याही नजरेत, तुम्ही माइक हातात घेता त्याच्या मिनिटभर आधी ही दोघं नवरा-बायको झालेली असतात. गुरुजींना सांगून ठेवा, "सातवं पाऊल झालं की मला चार मिनिटं द्या." बहुतेक गुरुजी आनंदाने देतात, त्यांनाही पाणी प्यायचं असतं.

चार मिनिटांचे शब्द किती? सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक होतात. हशा, माइकची खरखर आणि धुरामुळे येणारा खोकला धरला तर साडेतीनशे शब्द पुरे. पाचशे लिहिलेत तर सहा मिनिटं जातील आणि शेवटच्या दोन मिनिटांत विहीणबाई घड्याळ बघतील.

वचन कोणतं, ते नेमकं शोधा

मिश्र लग्नातल्या भाषणांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. मामा उभे राहतात आणि म्हणतात, "सात फेऱ्यांचं हे पवित्र बंधन..." मराठी पद्धतीत सात पावलं असतात. गुजराती पद्धतीत मंगळफेरे असतात आणि ते चार: धर्म, अर्थ, काम, मोक्ष. सात फेरे उत्तरेकडचे, आपल्याकडे ते आले हिंदी सिनेमातून. समोरच्या खुर्च्यांत बसलेल्या बायका लगेच एकमेकींच्या कानाला लागतात, त्यावरून चूक झाल्याचं कळतं. तसंच व्हॉट्सॲपवर फिरणारी 'सात वचनं' भाषणात घालण्याआधी तुमचे गुरुजी ती म्हणणार आहेत का, ते विचारा. आश्वलायन गृह्यसूत्रातली सप्तपदी वेगळी आणि फार आटोपशीर आहे. पावलागणिक एक गोष्ट: अन्न, बळ, संपत्तीची वाढ, सुख, संतती, ऋतू, आणि सातव्याला "सखा सप्तपदी भव".

दोन्ही घरांना आपलं वाटेल असं वचन मला यापेक्षाही कन्यादानात जास्त स्पष्ट सापडतं. मुलीचे वडील जावयाला सांगतात की धर्मात, अर्थात आणि कामात हिला डावलून जायचं नाही, आणि जावई म्हणतो, "नातिचरामि". आता हे गुजराती फेऱ्यांशेजारी ठेवून पाहा. धर्म, अर्थ, काम हे तिन्ही दोन्हीकडे आहेत, गुजराती पद्धतीत चौथा मोक्ष. दोन घरांचा मेळ घालण्यासाठी ओढूनताणून काही जोडावं लागत नाही, तो विधींतच आहे आणि बहुतेक पाहुण्यांच्या तो कधी लक्षात आलेला नसतो. आपल्याकडे लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या हातात लाह्या देतो, त्यांच्याकडे फेऱ्यांच्या वेळी भाऊच जवतल, म्हणजे जव आणि तीळ, देतो. आमच्या मामांना हाही मुद्दा हवा होता. मी काढायला लावला. चार मिनिटांत एक साम्य नीट पोचतं, दोन सांगितली की ती यादी होते.

फेऱ्यांत पुढे कोण चालतं, हे घराघरांत बदलतं. त्यावर भाष्य करायचं असेल तर आधी विचारा, नाहीतर तो भाग सोडून द्या.

लग्न विशेष विवाह कायद्याने, म्हणजे 1954 च्या कायद्याने होणार असेल आणि दोघांचे धर्म वेगळे असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघंही एकच साधं वाक्य म्हणतात, की मी हिचा किंवा ह्याचा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो, करते. ते त्यांना समजणाऱ्या कुठल्याही भाषेत म्हणता येतं. मग भाषणाचा पाया तेच वाक्य. दोन धर्मांतली साम्यं मांडवात शोधत बसू नका, त्यात कुणाचं तरी काहीतरी चुकीचं सांगितलं जातंच.

दोन्ही घरांतून एकेक प्रसंग आणा

वचनावर नुसतं बोललं की प्रवचन होतं. म्हणून दोन्ही घरांत एकदा जाऊन बसा, आणि आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळच बसा. "प्रेम कसं जमलं" हे विचारू नका, ते त्या दोघांचं आहे आणि रिसेप्शनला मित्र सांगणारच आहेत. असं विचारा: "या घरात नवऱ्यानं बायकोसाठी किंवा बायकोनं नवऱ्यासाठी कधी काही अवघड असूनही केलं, असं तुम्हाला काय आठवतं?" पहिलं उत्तर नेहमी "तसं काही नाही हो" हेच येतं. चहा येईपर्यंत थांबा. चहाबरोबर खरा प्रसंग येतो.

आमच्या उदाहरणात मुलीच्या घरातून आला तो आप्पांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा. आजींचे हात थरथरू लागले आणि त्यांना पोळी लाटता येईना. त्या घरात तोवर पुरुषाने गॅस पेटवलेला नव्हता. आप्पा निवृत्तीनंतर कणीक मळायला शिकले. मुलाच्या घरातून आला तो त्याच्या बांचा, म्हणजे आजींचा. लग्नानंतर त्यांना अर्धवट राहिलेलं बी. ए. पूर्ण करायचं होतं. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे कापडवाल्याची लग्नसराई. दादा, म्हणजे त्याचे आजोबा, त्या दिवसांत दुपारी दुकानाचं शटर पाडून घरी यायचे आणि पोरांना सांभाळायचे. हा प्रसंग मला फार आवडला, कारण त्याची किंमत ऐकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला लगेच कळते.

प्रसंग निवडताना तीन गोष्टी तपासा. ज्यांचा आहे त्यांची परवानगी घ्या, "मांडवात सांगू का?" असं सरळ विचारून. दोन्ही प्रसंग साधारण एकाच उंचीचे असू द्या. आपल्याकडचा त्यागाचा आणि त्यांच्याकडचा विनोदाचा असं झालं तर वेवाईंना, म्हणजे व्याह्यांना, ते बरोबर कळतं. आणि शक्यतो दोन्ही माणसं हयात, समोर बसलेली असावीत. गेलेल्या माणसाची गोष्ट त्या क्षणी घरच्यांना रडवते आणि तुमच्या हातात भाषण उरत नाही.

इथे बडोद्याच्या मराठी माणसाचा एक खास मोह सांगायलाच हवा. माइक हातात आला की आपल्याला सयाजीराव महाराज आठवतात. आप्तेष्टांत ते ठीक आहे. पण समोर बसलेल्या वेवाईंचे पणजोबा त्या राज्याचे रयत होते आणि "आमच्या गायकवाडांनी तुम्हाला शाळा दिल्या" हा सूर कितीही प्रेमाने काढला तरी टोचतो. बांच्या शिक्षणाच्या गोष्टीला 1906 चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण जोडायची कल्पना मामांना रात्री अकरा वाजता सुचली होती. सकाळी ती आम्ही खोडली. बांनी बी. ए. केलं ते स्वतःच्या जिद्दीवर आणि दादांच्या बंद शटरवर.

काय टाळायचं

दुधात साखरेची गोष्ट आता सांगू नका. संजाणला उतरलेल्या पारशांची ती दंतकथा सुंदर आहे, पण लग्नात सांगितली की प्रश्न उभा राहतो, साखर कोण? दरवेळी मुलगीच. विरघळून जाण्याचं काम तिच्याकडे देऊन तुम्ही वचन एकतर्फी करून टाकता. सेव-उसळीचा दृष्टांतही बडोद्यात इतक्यांदा दिला गेला आहे की त्यावर फक्त तो देणाराच हसतो.

खाण्यापिण्यावर विनोद नको. "आता जावयांना पापलेट खायला घालू" या वाक्यावर आपल्या बाजूच्या चार खुर्च्या हसतात आणि हवेलीत, म्हणजे वैष्णव मंदिरात, रोज दर्शनाला जाणाऱ्या सासूबाई गप्प होतात. तो प्रश्न त्या घरात खरोखरच मोठा आहे, कित्येकदा लग्न ठरताना सगळ्यात जास्त बोलणी त्यावरच झालेली असतात. दोघांनी तो कसा सोडवला, हे मांडवात सांगायचं नसतं.

"जुळवून घे बाळा" हेही नको, निदान एकटीला तरी नको. उपदेशाचं प्रत्येक वाक्य दोघांना मिळून म्हणता येतं का, ते पाहा. येत नसेल तर काढा.

कुठली भाषा, कुठले शब्द

बडोद्यातल्या मराठी माणसाला गुजराती येतं, गुजराती माणसाला मराठी ऐकून बरंचसं कळतं, बोलता मात्र येत नाही. पुण्याहून आलेल्या मावशीला गुजरातीचं अवाक्षर कळत नाही. म्हणून भाषणाचा कणा मराठी ठेवा आणि तीन ठिकाणी गुजराती बोला: नमस्कार, मधलं मुख्य वाक्य आणि आशीर्वाद. प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत म्हणत बसलात तर चार मिनिटांची आठ होतील.

दोन्हीकडे सारखे ऐकू येणारे शब्द मात्र फसवतात. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा आणि बा म्हणजे आई किंवा आजी. मराठी पाहुणे 'दादा' ऐकून मोठा भाऊ समजतात आणि 'बा' ऐकून बाप, मग बा बी. ए. झाल्या हे ऐकून पुण्याची मावशी गोंधळते. पहिल्यांदा नाव घेताना नातं जोडा: "दादा, म्हणजे जावयांचे आजोबा." आपण आदराने 'बाई' म्हणतो, गुजराती कानाला ते कामवालीसारखं लागतं. तिथे 'बेन' म्हणा. उलट त्यांचं सहज 'छोकरी' आपल्याकडे उद्धट वाटतं, म्हणून गुजराती वाक्यातही 'दीकरी' वापरा. जावयाला मांडवात 'अरे-तुरे' करू नका, रोज करत असलात तरी.

लिहून झालेलं भाषण

मामांनी शेवटी म्हटलं ते असं. नावांच्या जागी मी नातीच ठेवली आहेत.

"अमारा वेवाईने अने आवेला सहु सगांने मारा जय श्रीकृष्ण. आमच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना नमस्कार.

आत्ता तुम्ही दोघांनी सात पावलं टाकली. गुरुजींनी अन्न मागितलं, बळ मागितलं, भरभराट, सुख, मुलंबाळं, चांगले ऋतू मागितले. सातव्या पावलाला मागायचं काही उरलं नाही, तेव्हा एकमेकांचे मित्र व्हा म्हणाले.

त्याआधी जावयांनी शब्द दिला, धर्मात, पैशात आणि सुखात मी हिला डावलून जाणार नाही. हेच तीन शब्द फेऱ्यांतही आले, तिथे चौथा मोक्ष होता. आजे तमारा दीकराए जे वचन आप्युं, ते ज वचन अमारी दीकरीए पण आप्युं छे. म्हणजे तीही ह्यांना डावलून जाणार नाही.

डावलायचं नाही म्हणजे काय करायचं, ते मला या दोन घरांत कळलं. आमच्या आप्पांनी, म्हणजे हिच्या आजोबांनी, निवृत्त होईपर्यंत स्वयंपाकघरात पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. आजींचे हात थरथरायला लागले तेव्हा ते कणीक मळायला शिकले. पहिल्या पोळ्या कुठल्या देशाचे नकाशे होते ते आजींना विचारा. आजही सकाळची पोळी आप्पाच करतात.

आणि दादा, म्हणजे जावयांचे आजोबा. बांना, म्हणजे जावयांच्या आजींना, लग्नानंतर बी. ए. पूर्ण करायचं होतं. परीक्षा ऐन लग्नसराईत. मंगळ बाजारात कापडाचं दुकान असलेला माणूस एप्रिलमधल्या दुपारी शटर पाडतो, म्हणजे काय करतो ते इथल्या व्यापाऱ्यांना मी सांगायला नको. शेजारचे दुकानदार विचारायचे, तब्येत बरी नाही का? दादा म्हणायचे, घरे परीक्षा छे.

तुमच्या वाट्याला पोळ्या येणार नाहीत कदाचित, शटरही येणार नाही. पण दिवाळीचा पाडवा आणि बेसतुं वर्ष, म्हणजे गुजराती नववर्ष, एकाच दिवशी येतं. त्या सकाळी दोन्ही घरी तुमची वाट पाहिली जाईल. कुठे आधी जायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा आणि दोघांनी मिळून सांगा. 'ही म्हणते म्हणून' किंवा 'हे म्हणतात म्हणून' असं कुणाकडेही सांगू नका.

आम्ही वडीलमंडळी, दोन्हीकडची, आमच्याकडूनही एक शब्द देतो. जिथे आधी जाल तिथे आनंद होईल, आणि जिथे नंतर याल तिथे कुणी रुसणार नाही. वेवाई, बराबर ने?

सुखी रहेजो. नांदा सौख्यभरे."

वेवाई मोठ्याने "बराबर" म्हणाले. ते आधी ठरवलेलं होतं. मांडवात कुणालाही असा प्रश्न विचारायचा असेल तर त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर उत्तर न येण्याची शांतता फार लांब वाटते. पाडव्याचा मुद्दाही दोघांना आधी वाचून दाखवला होता. मुलगी म्हणाली, "मामा, हे बोलाच, आमच्याच्यानं हे घरी सांगवत नाही." तिने नको म्हटलं असतं तर तो परिच्छेद गेला असता.

या भाषणात एक जागा अजून मला खटकते. 'नकाशे'वाला विनोद जुना आहे. पण आप्पांनी स्वतःच तो सांगितला होता, आणि आजी त्यावर दरवेळी हसतात, म्हणून ठेवला.

तालीम आणि मांडव

तालीम आपल्या माणसांसमोर करू नका, ती कौतुकच करतात. गुजराती घरातल्या एखाद्या मोकळ्या स्वभावाच्या माणसाला, मुलाच्या काकींना वगैरे, भाषण वाचून दाखवा आणि तोंडाकडे लक्ष ठेवा. जिथे हसू ओठांवर येऊन थांबतं तिथे काहीतरी बोचलेलं असतं. आमच्या पहिल्या मसुद्यात "व्यापाऱ्याला एप्रिलमध्ये बायकोपेक्षा दुकान प्यारं" असं वाक्य होतं. काकींचं हसू तिथे थांबलं आणि वाक्य त्याच क्षणी गेलं. गुजराती वाक्यांचे उच्चारही त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

कागद घ्या, मोबाइल नको. होमाजवळ उभं राहून धुरात स्क्रीन वाचता येत नाही आणि मधेच फोन वाजतो. जाड पुठ्ठ्यासारखे दोन कागद, मोठं अक्षर, एका ओळीत एक वाक्य. उभे राहाल तिथे वारा कुठून येतो आणि धूर कुठे जातो ते पाहून बाजू निवडा. शहनाईवाल्याला किंवा स्पीकरवर रेकॉर्ड लावणाऱ्या मुलाला सातव्या पावलानंतर चार मिनिटं शांतता हवी, हे सांगायला घरातलं एक माणूस नेमा. लग्नगीतं गाणाऱ्या बायका गुजराती बाजूला बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या मोठ्या बेनला आधी सांगितलंत तर त्या थांबतात, मधेच थांबवलंत तर नाराज होतात.

फोटोग्राफर तुमचा चेहरा घ्यायला पुढे येईल. त्याला सांगा, आप्पा आणि दादा कुठे बसले आहेत ते आधी बघून ठेव आणि गोष्ट सुरू झाली की कॅमेरा त्यांच्याकडे फिरव.

शेवटची तयारी उशीर झाल्यास काय करायचं याची. लग्नं वेळेवर चालत नाहीत. वरात तासभर उशिरा आली की गुरुजी सगळं आवरतं घेतात आणि तुम्हाला म्हणतात, "मामा, दीड मिनिटात." यासाठी कागदावर पेन्सिलने आधीच कंस करून ठेवा. आमच्या भाषणात पहिला कंस सात पावलांच्या परिच्छेदाला होता, दुसरा पाडव्यापासून वेवाईंच्या प्रश्नापर्यंत. उरतं ते नमस्कार, वचन, दोन गोष्टी आणि आशीर्वाद. गोष्टींतली एक कापून दुसरी ठेवायची नाही, तेवढाही वेळ नसेल तर दोन्ही सोडा आणि फक्त वचन सांगून आशीर्वाद द्या. एका घराची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्याची राहिली, तर ती का राहिली याचं कारण वेळ होती, हे पुढे वर्षानुवर्षं कुणाला पटत नाही.

भाषण झालं की दोन स्वच्छ प्रती काढा, मराठी घरासाठी देवनागरीत आणि दादांसाठी गुजराती लिपीत. दादांच्या प्रतीत आप्पांची गोष्टही पूर्ण गुजरातीत लिहा. मांडवात आवाज पोचला नसेल तर निदान घरी जाऊन ती त्यांना नीट वाचता येईल.